मागाहून आलेल्या नोंदी आणि सोमवारचा आकडा

नाशिकमध्ये पावसाळ्यात डेंग्यूचा साप्ताहिक तक्ता तू करणार आहेस, तर प्रत्येक रुग्णापुढे दोन तारखा ठेव: ताप कधी आला आणि नोंद आपल्याकडे कधी पोहोचली. सिन्नर, निफाडकडच्या खासगी लॅबचे रिपोर्ट उशिराच येतात, ते गृहीतच धर.

समज, मागच्या आठवड्याचे रुग्ण सोमवारी 40 कळवले. या सोमवारपर्यंत भर पडून ते 52 झाले आणि नव्या आठवड्याचे 46 आले. 52 वरून 46, म्हणजे साथ ओसरली असं साहेबांना वाटेल. पण पहिल्या सोमवारी 40 होते आणि आता पहिल्याच सोमवारी 46 आहेत, म्हणजे साथ वाढतेय! तुलना नेहमी सारख्याच वयाच्या, म्हणजे आठवडा संपल्यावर तितक्याच दिवसांनी घेतलेल्या आकड्यांची कर. त्यासाठी दर सोमवारचा तक्ता तारखेसह जपून ठेव, त्यावर नवा लिहू नकोस.

आकडा गोठवायचा कधी, ते जुन्या नोंदींवरून ठरव. साधारण 95 टक्के नोंदी तिसऱ्या आठवड्यापर्यंत येत असतील तर तोवर आकड्यापुढे ‘तात्पुरता’ लिही, मग गोठव. त्यानंतरची नोंद टाकून देऊ नकोस. ‘मागील आठवड्यांची भर’ अशा वेगळ्या ओळीत दाखव आणि वार्षिक अहवालात तिच्या खऱ्या आठवड्यात बसव.