कॉलेजच्या मुलांसमोर दहा मिनिटं बोलायचं आहे. व्हॅनिटी मेट्रिक्स का फसवतात आणि कोणत्या आकड्यांकडे लक्ष द्यावं, यावर काय सांगू?

व्याख्या सांगत बसू नका. लाइक आणि फॉलोअर म्हणजे यश नव्हे, हे मुलांना शंभरदा ऐकवून झालंय आणि ती मान डोलावून मोकळी होतात. एकच तक्ता दाखवा. माझ्याकडचा सांगते. याच तक्त्यावरून मी एकदा भर मीटिंगमध्ये एकटी पडले होते आणि ते अजून सलतं.

परीक्षेच्या सरावाचं एक अ‍ॅप होतं, त्यावर मी कामाला होते. रोज वीस प्रश्नांचा एक संच यायचा. ऑफिसात शिरलं की समोरच भिंतीवर मोठा स्क्रीन आणि त्यावर एकूण नोंदणीचा आकडा. कुणी नोंदणी केली की शेवटचा अंक डोळ्यांदेखत बदलायचा. खाली चढता आलेख. तो आलेख कधी उतरला नाही, कारण तो उतरूच शकत नव्हता. काल आलेल्या मुलीने आज अ‍ॅप काढून टाकलं तरी बेरजेत ती आहेच. कामात माती झाली तरी हा आकडा वरच जाणार, मग तो आपल्याला कसला इशारा देणार?

मग आमच्या संचालकांनी बक्षिसाची योजना काढली. नोंदणी करा, सोडतीत भाग घ्या. एरवी आठवड्याला साधारण ६०० जण यायचे, त्या आठवड्यात ९,००० आले. सगळे त्या स्क्रीनसमोर उभे राहून फोटो काढत होते.

मी बॅचप्रमाणे तक्ता मांडला. रिटेन्शन, म्हणजे आलेल्यांपैकी किती टिकले, ते मोजायची ही साधी रीत आहे. आडव्या ओळीत त्या त्या आठवड्यात नोंदलेली बॅच, उभ्या रकान्यांत त्यांचा पहिला आठवडा, दुसरा, तिसरा. प्रत्येक चौकटीत एकच प्रश्न: या बॅचपैकी कितींनी या आठवड्यात निदान एक संच पूर्ण सोडवला? 'अ‍ॅप उघडलं' हे मी मुद्दाम धरलं नाही. आम्ही रोज नोटिफिकेशन पाठवायचो, ते घालवायला बोट लागलं तरी अ‍ॅप उघडतं. संच मात्र चुकून सोडवला जात नाही.

साध्या आठवड्यातल्या ६०० पैकी दुसऱ्या आठवड्यात २१० उरले, चौथ्यात ९०, आठव्यात ७८. गळती सुरुवातीला जोरात आणि मग जवळजवळ थांबलेली. या थांबण्याकडे मुलांचं लक्ष वेधा, कारण सगळा अर्थ तिथे आहे. उतार सपाट झाला म्हणजे थोड्यांना का होईना, ती वस्तू खरंच लागतेय. उतार थेट शून्याकडे गेला तर कितीही नवी माणसं आणा, फुटक्या घड्यात पाणी.

आता बक्षिसाची बॅच. ९,००० पैकी चौथ्या आठवड्यात १८० आणि आठव्यात ८१. हे ८१ नीट बघा. योजना नसती तरी त्या आठवड्यात नेहमीचे ६०० आले असते आणि त्यांतले ७८ च्या आसपास टिकले असते. म्हणजे वरचे ८,४०० जण आले आणि गेले, हाताला लागले तीन. भिंतीवरच्या आकड्यात मात्र ते सगळे कायमचे जमा.

मी हे मांडल्यावर संचालकांनी एकच विचारलं, "आकडा खोटा आहे का?" मी म्हटलं, "नाही सर, आकडा खरा आहे." विषय तिथेच मिटला. आज उत्तर द्यायचं तर मी म्हणेन, खऱ्याखोट्याचा प्रश्नच नाही. हा आकडा निम्मा असता तर आपण उद्या वेगळं काय केलं असतं? काहीच नाही. आठव्या आठवड्याचे ७८ चे ३९ झाले असते तर त्याच दिवशी संचांचा दर्जा तपासायला बसलो असतो. कोणता आकडा बघावा याची माझी कसोटी एवढीच आहे. तुमच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या क्लबच्या पेजचे फॉलोअर आणि एकदा कार्यक्रमाला येऊन दुसऱ्यांदा आलेली माणसं, हे दोन आकडे या कसोटीवर घासायला सांगा.

सर तेव्हा असंही म्हणाले होते की अ‍ॅक्टिव्ह युजर्सही वाढलेत. वाढले होतेच. नोंदणी करताना माणूस अ‍ॅप उघडतोच, म्हणून प्रत्येक नवा माणूस पहिल्या आठवड्यात आपोआप 'अ‍ॅक्टिव्ह' धरला जातो. नवे आणि जुने एका बेरजेत घातले की गळती झाकली जाते. दर आठवड्याला जितके गळतात तितके नवे आणत राहिलं तर ही बेरीज महिनोन्‌महिने स्थिर दिसते आणि सगळं ठीक चाललंय असं वाटतं.

भागाकारातही असंच लपवता येतं. २०१६ मध्ये फेसबुकने स्वतः कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो, हा त्यांचा आकडा फुगलेला होता. निदान तीन सेकंद पाहणाऱ्यांनाच त्यांनी भाजकात धरलं होतं. लगेच पुढे सरकणारे भाजकातून गळले की सरासरी वाढणारच. मुलांना एवढी सवय लागली तरी पुष्कळ झालं: टक्का किंवा सरासरी समोर आली की आधी भाजकात कोण आहे ते विचारायचं.

आता माझ्या तक्त्याच्या मर्यादा. बॅच वीस-पंचवीस जणांची असेल तर दोन माणसांनी टक्का हलतो, त्यावरून काही ठरवू नका. तक्त्याची सगळ्यात अलीकडची चौकट अर्ध्या आठवड्याचीच असते, ती पडलेली बघून घाबरू नका. वर्षातून एकदाच लागणारी सेवा असेल तर आठवड्याची मोजणी निरर्थक, तिथे पुढच्या वर्षी कोण परत आलं ते बघावं लागतं. आणि एकूण नोंदणी सर्व्हरवर खाती साठवायला किती जागा लागेल हे ठरवायला कामाची असते, हे मला मान्य आहे.

"बक्षिसामुळे नाव तर झालं", हेही मला ऐकवलं गेलं. शक्यता खरी होती, म्हणून मी तीही तपासली. नाव झालं असतं तर पुढच्या आठवड्यांत बक्षिसाशिवाय येणारे वाढले असते. पुढचे सहा आठवडे मी नोंदणी लिहून ठेवली: ६१०, ५९५, ५८०, ६२०, ६०५, ५९०.