फीचं बिल आणि 'जमेल तेव्हा द्या'

प्रश्न: घरी चित्रकलेचे क्लास घेते, पण पालकांकडे फी मागताना जीभच उचलत नाही. कुणी यातून बाहेर पडलंय का? कसं?

मी सांगलीत एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं शिकवते. 'मॅडम, या महिन्याचे राहिलेत ना?' असं पालकांनी स्वतःहून विचारलं, तरी माझ्या तोंडून निघायचं, 'असू द्या हो, जमेल तेव्हा द्या.' आता असं म्हटल्यावर कुणाला कशाला जमतंय!

यातून बाहेर पडायला सुरुवात झाली ती एका शाळेतल्या वारली कार्यशाळेपासून. 8,000 रुपये ठरले होते, पण पैसे येईनात. मुख्याध्यापिकांना विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून ऑफिसातल्या क्लार्ककाकांपाशी विषय काढला. ते म्हणाले, 'मॅडम, तुमचं बिल कुठंय? बिलाशिवाय व्हाउचर कशावर करू?' मी मनात पैसे बुडीत खाती टाकून बसले होते आणि तिथे अडलं होतं एका कागदावर.

मजकूर त्यांनीच सांगितला: बिल क्रमांक, तारीख, शाळेचं पूर्ण नाव, कार्यशाळेच्या तारखा, रक्कम अंकी आणि अक्षरी, पॅन, खाते क्रमांक, आयएफएससी, सही. माझी जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे जीएसटी लावायचा नाही आणि वर 'टॅक्स इन्व्हॉइस' लिहायचं नाही, नुसतं 'बिल'. ते दिलं आणि पैसे जमा झाले.

मग म्हटलं, पालकांनाही असंच पाठवू. पहिल्या बिलाच्या मेसेजमध्ये 'सॉरी, त्रास देतेय' लिहिलं होतं, ते खोडायलाच अर्धी संध्याकाळ गेली. शेवटी उरलं ते एवढंच:

'बिल क्र. 14. ईशान, जुलै महिन्याची फी रु. 1,200. कृपया 7 तारखेपर्यंत भरावी. क्यूआर सोबत आहे.'

हे 1 तारखेला ज्याचं त्याला वेगवेगळं जातं. ग्रुपवर कधीच टाकत नाही. तिथे कुणाची बाकी दिसली की माणूस दुखावतो आणि मूल क्लास सोडतं. 8 तारखेला तेच बिल पुन्हा पाठवते, खाली एक ओळ: 'हे बाकी दिसतंय, एकदा बघाल का?' पहिल्यांदा पाठवलं तेव्हा एका आईचं उत्तर आलं, 'अगं बाई, मला वाटलं ह्यांनी दिले!' बहुतेक थकबाकी अशीच निघते. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आला तरी खात्यात जमा दिसल्याशिवाय मी वहीत टिक करत नाही.

दोन महिने काहीच आलं नाही, तर मात्र फोन करते. अजूनही हात थरथरतो, पण बिल समोर ठेवलं की क्रमांक आणि रक्कम वाचून दाखवता येते. एका मुलीच्या घरी खरंच अडचण आहे. तिच्या बिलात पूर्ण फी 1,200, सवलत 700, देय 500 असं लिहिते. तिची आई ते 500 दर महिन्याला 3 तारखेच्या आत पाठवते.