'घरीच असतेस ना' म्हणणाऱ्या नातेवाइकांना न दुखावता कामाची वेळ कशी सांभाळायची?

प्रश्न: मी फोंड्याला राहते, वर्क फ्रॉम होम आहे, शिफ्ट दुपारी सुरू होते ती रात्रीपर्यंत. सासरच्या नातेवाइकांना वाटतं घरी आहे म्हणजे मोकळी आहे. कोणाला डॉक्टरकडे न्यायचं असतं, कोणी चारला चहाला येऊन बसतं. नाही म्हटलं की राग. भांडण न करता कसं सांगायचं?

उत्तर:

मी डिचोलीला असते, एकत्र कुटुंब, ब्रिटनमधल्या क्लायंटचं अकाउंट्सचं काम घरून करते, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी रोजच्या जगण्यातला आहे.

माझं म्हणणं असं की बहुतेक नातेवाइकांना आपल्या कामाबद्दल वाईट वाटत नसतं, त्यांना ते काम दिसतच नाही. माझे सासरे खाणीवर होते, ते शिफ्टला निघायचे तेव्हा डबा, बूट, बस सगळं अख्ख्या वाड्याला दिसायचं. आपण मात्र आतल्या खोलीतून येतो, भात उतरवतो, परत आत जातो. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चार वाजता उठून कोणाला तरी बाजारात सोडून आलो की तो गेलेला तास आपण रात्री उशिरापर्यंत बसून भरून काढतो, तेव्हा घरात सगळे झोपलेले असतात. त्यांच्या दृष्टीने सुनेने काम पण केलं आणि मावशीला बाजारात पण सोडलं, कुठे काय बिघडलं? मग पुढच्या वेळी परत विचारणारच, त्यात त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही. म्हणून सगळ्यात आधी ही भरपाई गुपचूप करणं बंद करा. चिडून नको, नुसतं सांगायचं, "आता गेले तर रात्री अकरापर्यंत बसावं लागेल, मग उद्या सकाळचं जेवण तुम्ही बघाल का?" एवढं साधं बोललं तरी समोरचा माणूस विचार करतो.

दुसरं, तुम्ही बसता कुठे? आपल्याकडच्या जुन्या घरांना चिऱ्याच्या जाड भिंती, वायफाय आतल्या खोलीत पोचत नाही, म्हणून माणूस लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये नाहीतर बाल्कांवाच्या बाजूला राउटरजवळ बसतो. आणि गोव्यात दुपारी जेवून सगळे आडवे होतात, दुकानंही बंद असतात, चारच्या पुढे माणसं उठून एकमेकांकडे जायला लागतात, म्हणजे बरोबर तुमच्या शिफ्टच्या मध्यावर. दारातून आत आलेल्या माणसाला पहिल्या तुम्हीच दिसता, मग हसायचं कोणी, पाणी द्यायचं कोणी, चहा टाकायचा कोणी? बसल्या जागेवर तुम्ही यजमान होता. आणि एकदा बोलणं सुरू झालं की मधेच उठणं उद्धटपणाच दिसतो, तुम्ही कितीही गोड बोला. राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून घ्या, नेटवर्कची साधी केबल शंभर मीटरपर्यंत चालते, घरात तेवढी कधीच लागत नाही, भिंतीच्या कडेने खिळे मारून नेली की झालं. मी खोली बदलल्यावर चहाचे अर्धे प्रश्न न बोलताच सुटले, कारण आलेल्या माणसाशी सासूबाई बोलायला लागल्या, आणि खरं म्हणजे ती माणसं त्यांच्याकडेच आलेली असतात.

घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला आपलं काम शेजारी बसवून दाखवा. मी सासूबाईंना टीम्स उघडून दाखवलं की माझ्या नावाजवळ हा हिरवा ठिपका आहे, पाच मिनिटं मी कशालाच हात लावला नाही की तो पिवळा होतो आणि तिकडे बसलेल्या बाईला कळतं की मी जागेवर नाही. त्यांना हे एकदम पटलं. डेडलाइन, क्लायंट, इनव्हॉइस हे शब्द त्यांच्यासाठी हवेतले आहेत पण कोणीतरी आपल्यावर लक्ष ठेवून आहे ही गोष्ट कोणालाही कळते. त्यानंतर दारात कोणी "तूं घराच आसा न्ही गो?" म्हणत आलं की उत्तर त्याच देतात, "घरी आहे, पण ड्युटीवर आहे."

आता वेळ सांगण्याबद्दल. "मी बिझी असते" हे सांगून काही उपयोग होत नाही, कारण बिझी सगळेच असतात. उलट मोकळी कधी आहे ते सांगा. सकाळी सात ते बारा मी तुमची, फोन करा, या, बाजारात चला, दुपारी दीडनंतर रात्री जेवणापर्यंत नाही. हे महिनोन्महिने तसंच्या तसं बोललं तर लोकांच्या डोक्यात बसतं, आज एक उद्या दुसरं सांगितलं तर नाही बसत. एक अडचण मात्र आहे. तुमचा क्लायंट ब्रिटनचा असेल तर त्यांचं घड्याळ वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले दीड आणि हिवाळ्यात अडीच. नातेवाइकांना यातलं काही माहीत नसतं, त्यांना एवढंच दिसतं की काल अडीचपर्यंत गप्पा मारणारी सून आज दीडलाच दार लावून बसली, मग "आपल्याला टाळते" अशी सुरुवात होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते दोन रविवार आधीच लाल पेनाने लिहून ठेवा आणि आठवडाभर आधी सांगा. (अमेरिकेचा क्लायंट असेल तर बदलाच्या तारखा वेगळ्या, त्या ऑफिसात विचारून घ्या.)

डॉक्टरकडे नेण्याचं थोडं सविस्तर सांगते कारण खरी भांडणं तिथेच होतात, आजारी माणसाला नाही म्हटलं की ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं. माझ्या मावससासूबाईंना डायबिटीस आहे, पणजीला डोळ्यांचा पडदा तपासायला जायचं होतं, अपॉइंटमेंट अकराची, माझी शिफ्ट दीडला. वरवर बघितलं तर जमतंय असं वाटतं. पण पडदा बघायचा तर डोळ्यात थेंब घालतात, बाहुली मोठी व्हायला अर्धा तास तरी जातो, मग तपासणी, आणि नंतर काही तास नीट दिसत नाही, उजेड सहन होत नाही, म्हणजे येताना बरोबर माणूस लागतोच. परत डिचोलीला यायचं. दीडला लॉगिन करायचं म्हणजे शक्यच नव्हतं, आणि मी हो म्हणून गेले असते तर तिथे दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत बसले असते, त्यांनाही ओझं झाल्यासारखं वाटलं असतं. मी त्यांना विचारलं, "मावशी, सकाळची पहिली वेळ मिळते का बघू?" आणि त्यांच्यासमोरच फोन लावला, नऊची मिळाली. मग मी त्यांना घेऊन गेले, कागद दाखवले, थेंब घालून झाले, त्यांचा पुतण्या पणजीतच नोकरीला आहे, त्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, तो लंच टाइममध्ये येऊन त्यांना घरी सोडणार होता. मी साडेदहाला तिथून निघाले. मावशींना राग आला नाही, कारण त्यांचं काम झालं आणि सोबतही होती. यातलं महत्त्वाचं म्हणजे मी उत्तर देण्याआधी त्या कामाची नीट माहिती काढली, किती वाजता, किती वेळ, जाताना माणूस हवा की येताना. बऱ्याच वेळा अख्ख्या दिवसाची गरजच नसते, एका बाजूची असते, आणि ती बाजू वाटून घेता येते.

आणि ऑपरेशन, कोणाला अ‍ॅडमिट करणं असं मोठं काही असेल तर सरळ सुट्टी टाका आणि सांगा की सुट्टी टाकलीय. "तुमच्यासाठी उद्या रजा घेतली मावशी" हे ऐकून त्यांना बरं वाटतं, आणि बाकीच्या दिवशी रजा नसते हेही आपोआप कळतं. लॅपटॉप मांडीवर घेऊन हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसू नका, पेशंटलाही तुम्ही मिळत नाही आणि चुकलेली एंट्री शोधायला दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ जातो. चवथीचंही तसंच. मूळ घरी सगळे जमलेले, माटोळी बांधायची, नेवऱ्या करायच्या आणि तुम्ही आत मीटिंगवर, यात कितीही समजूतदार माणूस दुखावतो. ब्रिटनच्या लोकांना चवथ नसते, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीलाच ते दिवस मागून ठेवा. माझं मत विचाराल तर वर्षभराची ओढाताण त्या दिवसांत पूर्ण हजर राहिल्याने जेवढी कमी होते तेवढी समजावून होत नाही.

एक गोष्ट जरा कडक लिहिते. सासरच्या माणसांना नाही सांगायचं काम तुमच्या नवऱ्याचं आहे. पुरुष दार लावून बसला तर "काम चालू आहे", बाई बसली तर "शिष्ट आहे", हे आपल्याकडे अजून आहे आणि त्याचा मला मनापासून राग येतो. तेच वाक्य त्याने आपल्या आत्याला सांगितलं तर घरातलं बोलणं राहतं, तुम्ही सांगितलं तर सुनेने सुनावलं होतं. आमच्याकडे ठरलंय, त्याच्या बाजूला तो बोलतो, माझ्या माहेरी मी. आणि तुमच्या आईलाही हे सगळं सांगा, माहेरचे फोन शिफ्टमध्ये चालतात आणि सासरचे नाही असं दिसलं की सगळं मुसळ केरात.

एवढं करूनही एखादी व्यक्ती रुसतेच. आमच्याकडे एक काकी आहेत, त्यांना आजही वाटतं मी मुद्दाम बाहेर येत नाही. त्यांच्याशी वाद घालत नाही, दर रविवारी सकाळी मीच त्यांच्याकडे जाते, अर्धा तास बसते, त्यांना औषधं लागली तर आणून देते. आठवड्यात त्या आल्या तर मिनिटभर बाहेर येऊन "काकी, रविवारी येतेच" म्हणून परत आत जाते. त्या अजून कुरकुरतात. पण येणं बंद केलेलं नाही त्यांनी, आणि माझं कामही थांबत नाही.