समोरच्या काचा आणि भिंतीच्या कडा बघून इमारतीचा फोटो खरा की थ्रीडी, हे कसं ओळखायचं?

प्रश्न: एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर एका टॉवरचे फोटो पाठवलेत. म्हणतो, इमारत तयार आहे, हे खरे फोटो आहेत. मला ते थ्रीडी वाटतात, पण नेमकं बोट कशावर ठेवायचं ते कळत नाही. काचेतलं प्रतिबिंब आणि कडा बघून ओळखता येतं म्हणतात, ते कसं?

उत्तर:

आधी मूळ फाइल मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेलं चित्र लहान होऊन येतं आणि दाबलं जातं. ज्या बारीक खुणा आपल्याला बघायच्या आहेत त्याच त्यात पुसल्या जातात. एजंटला तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा आणि मोबाइलऐवजी संगणकावर दुप्पट-चौपट मोठं करून बघा. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘कलाकाराची कल्पना’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आहे का, तेही पाहा. कित्येकदा ती कापूनच चित्र पुढे पाठवलेलं असतं, म्हणून कडेला अर्धवट कापलेलं अक्षर किंवा लोगो दिसला तरी लक्षात घ्या.

आता काच. काचेच्या दर्शनी भिंतीतल्या प्रतिबिंबात एखादी सरळ रेघ शोधा: समोरच्या इमारतीची गच्चीची कड, विजेची तार, क्रेनचा हात, काहीही. ती रेघ एका काचेतून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या काचेत जाताना काय होतं, ते नजरेने धरून बघा. खऱ्या इमारतीत ती प्रत्येक चौकटीपाशी थोडी तुटते, पायरीसारखी वर-खाली सरकते. कारण कुठल्याही दोन काचा अगदी एका प्रतलात बसलेल्या नसतात. समजा दीड मीटर उंचीची काच वरच्या बाजूला फक्त अडीच मिलिमीटर आत गेली आहे. हा कोन साधारण ०.१ अंश होतो. आरसा जितका कलतो त्याच्या दुप्पट प्रतिबिंब वळतं, म्हणजे ०.२ अंश. समोरची इमारत २०० मीटरवर असेल, तर तिचं प्रतिबिंब या काचेत शेजारच्या काचेपेक्षा जवळजवळ ७० सेंटिमीटर सरकलेलं दिसेल. बसवणाऱ्याच्या डोळ्याला न जाणवणारी चूक प्रतिबिंबात अशी मोठी होऊन दिसते. थ्रीडीमध्ये पूर्ण दर्शनी भिंत बहुतेक वेळा एकाच सपाट पृष्ठावर काढलेली असते, म्हणून रेघ दहा काचा ओलांडूनही पट्टीने ओढल्यासारखी सलग जाते.

दुसरी खूण प्रत्येक काचेच्या आतली. उंच इमारतींत टफन्ड काच वापरतात. ती भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापते आणि रुळांवरून सरकते. मऊ झालेली काच दोन रुळांच्या मधे किंचित झोळ खाते आणि तशीच झटक्यात थंड केली जाते. या लाटा समोरून दिसत नाहीत, पण प्रतिबिंबातली उभी किंवा आडवी रेघ ठरावीक अंतराने नागमोडी होते. काच दुहेरी असेल, म्हणजे दोन काचांमध्ये हवा बंद केलेली असेल, तर आणखी एक गोष्ट घडते. आतली हवा उन्हाने फुगली की काच बाहेर फुगते, थंडीत आत बसते. मग त्या काचेत समोरची इमारत मधोमध दबलेली किंवा ताणलेली दिसते, आणि असा आकार प्रत्येक काचेत वेगळा असतो. तुमच्या फोटोत हे दिसलं, तर ती खऱ्या बांधकामाची भक्कम खूण आहे.

अनुभवी थ्रीडी कलाकाराला हे माहीत असतं. तो व्ही-रे किंवा कोरोनासारख्या सॉफ्टवेअरमध्ये काचेला मुद्दाम हलकी लाट देतो, म्हणून ‘प्रतिबिंब वाकडं, म्हणजे फोटो खरा’ इथेच थांबू नका. ती लाट चौकटीपाशी थांबते का, ते बघा. खरी लाट त्या एका काचेची असते, पुढच्या काचेत वेगळी सुरू होते. घाईत केलेल्या रेंडरमध्ये, म्हणजे संगणकाने काढलेल्या थ्रीडी चित्रात, एकच लाट अॅल्युमिनियमची चौकट ओलांडून सलग पुढे जाते, किंवा प्रत्येक काचेत हुबेहूब तीच वळणं पुन्हा येतात. प्रत्येक काचेला वेगळी लाट आणि वेगळा कल देणारे कलाकारही आहेत. तिथे ही कसोटी अपुरी पडते, हे लक्षात असू द्या.

तिसरी आणि मला सर्वांत उपयोगी वाटणारी गोष्ट म्हणजे काचेत नेमकं काय दिसतंय. फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे जे आहे ते खालच्या मजल्यांच्या काचांत दिसायलाच हवं: रस्ता, पार्क केलेल्या गाड्या, समोरची चाळ, खांब. रेंडरमध्ये इमारतीभोवती आकाशाचा एक गोल फोटो गुंडाळलेला असतो आणि काचांत तोच उमटतो. त्यामुळे पुण्यातल्या दाट वस्तीतल्या टॉवरच्या दुसऱ्या मजल्याच्या काचेतही फक्त ढग आणि क्षितिज दिसतं, समोर काहीच नाही. वरचे मजले आकाश दाखवतील, ते खरंच आहे. पण समोर सात मजली इमारत उभी असताना अगदी खालच्या मजल्यांतही मोकळं आकाश दिसत असेल, तर ते चित्र त्या जागेवर टिपलेलं नाही.

सर्वांत फसवा प्रकार मिश्र असतो: ड्रोनने परिसराचा खरा फोटो घ्यायचा आणि त्यात रेंडर केलेला टॉवर बसवायचा. आजूबाजूची झाडं, रस्ता, पत्र्याची छपरं सगळं खरं, त्यामुळे मन पटकन विश्वास ठेवतं. इथे उलट्या बाजूने बघा. शेजारच्या खऱ्या इमारतीच्या काचांत हा टॉवर दिसतो का? खालच्या गाडीच्या बॉनेटवर, पावसाच्या डबक्यात त्याचं प्रतिबिंब आहे का? टॉवरमध्ये शेजार दिसतो, पण शेजाऱ्यांत टॉवर नाही, असं झालं की निकाल लागला. अजून एक: तितक्याच अंतरावरच्या खऱ्या इमारतींवर धुरकट हवेचा पातळ पडदा असतो, सावल्या राखाडी दिसतात. बसवलेल्या टॉवरच्या सावल्या मात्र गडद काळ्या राहतात.

एक गैरसमज इथेच दूर करतो. वस्तूवरचा एक बिंदू आणि त्याचं प्रतिबिंब जोडणाऱ्या रेघा वाढवल्या तर त्या सगळ्या एका बिंदूत मिळायला हव्यात, ही कसोटी अनेक ठिकाणी सांगतात. सपाट आरशासाठी ती बरोबर आहे, आणि फोटोत नंतर चिकटवलेली वस्तू पकडायला चांगली आहे. पण संपूर्ण रेंडर केलेलं चित्र ती आरामात पार करतं, कारण सॉफ्टवेअर प्रकाशकिरण भूमितीनेच काढतं. रेंडर पकडायचं ते त्यातल्या भूमितीच्या चुकीने नव्हे, तर त्यात चूकच नाही यावरून.

कडांनाही हेच लागू होतं. खरी कड कधीच धारदार नसते. काँक्रीटचे खांब-तुळया ओतताना साच्याच्या कोपऱ्यात बहुधा तिरकी पट्टी टाकतात, म्हणून कोपरा छाटलेला असतो. प्लास्टरचा कोपरा गवंडी हाताने ओढतो, म्हणून तो खालपासून वर जाताना सूक्ष्म डुलतो. अशा गोलसर कडेवर उजेड पडला की एक बारीक उजळ रेघ दिसते, कुठे जाड, कुठे पातळ, कुठे तुटलेली. साध्या रेंडरमध्ये उजळ भिंत आणि सावलीतली भिंत थेट एकमेकींना भिडतात, मधे रेघच नाही. बाल्कनीच्या स्लॅबची खालची कड, खिडकीखालचा छज्जा आणि गच्चीच्या कठड्याचा कोपरा या तीन जागा मी आधी बघतो.

कलाकाराने गोलाई दिली असेल, तर आणखी एक बारकाई उपयोगी पडते. वेळ वाचवायला बरेचदा कड प्रत्यक्ष गोल न करता फक्त तिच्यावरचा उजेड गोल असल्यासारखा दाखवतात. त्यामुळे समोरून बघताना कडेवर छान उजळ रेघ असते, पण तीच कड जिथे आकाशावर बाह्यरेषा म्हणून उमटते, तिथे कोपरा सुईसारखा टोकदार राहतो. दोन्ही जागा ताडून बघा. आणि उजळ रेघेची जाडी स्टीलच्या रेलिंगवर, लाकडी दारावर, काँक्रीटच्या कठड्यावर अगदी सारखी असेल, तर एकच सेटिंग सगळीकडे लावलेली आहे. खऱ्या जगात या तीन साहित्यांच्या कडा तीन प्रकारच्या असतात.

घरातल्या वस्तूंच्या जाहिरातींनाही हीच नजर लावता येते. इकियाच्या कॅटलॉगमध्ये २००६ साली बेर्टिल नावाची लाकडी खुर्ची पहिल्यांदा संगणकावर बनवून छापली गेली आणि वाचकांना पत्ता लागला नाही. लाकूड अवघड जातं, तिथे चकचकीत धातू बघा. स्टीलची किटली किंवा नळाचा फुगीर भाग आपल्याकडे तोंड करून असतो, तिथे कॅमेरा आणि ट्रायपॉडचा काळा ठिपका पडतोच. रेंडरमधला कॅमेरा अदृश्य असतो, म्हणून तिथे फक्त गुळगुळीत पांढरा-करडा उतार दिसतो. मात्र चांगला स्टुडिओ हा ठिपका नंतर पुसतो, त्यामुळे तो असणं हा पुरावा, नसणं हा फक्त संशय.

असाच संशय काही खऱ्या फोटोंवरही उगाच येतो. उभ्या रेघा अगदी समांतर असणं ही थ्रीडीची खूण नाही, वास्तूंचे फोटो काढणारे खास लेन्स वापरून किंवा नंतर दुरुस्त करून त्या तशाच करतात. मोबाइल कडा जास्त टोकदार करतो, आकाश निळं करतो. टफन्ड नसलेल्या साध्या काचांत लाटाही कमी दिसतात. म्हणून एका खुणेवर ठरवू नका, काच आणि कड दोन्ही एकाच दिशेने बोलत असतील तरच बोला.

तुमच्या बाबतीत एजंटला एक सलग व्हिडिओ मागा: मुख्य रस्त्यावरून सुरुवात, फाटकातून आत, आणि इमारतीसमोर बाजूला दहा पावलं चालत. चालताना खऱ्या काचांतली प्रतिबिंबं प्रत्येक काचेत वेगळ्या वेगाने लहरत सरकतात, आणि खालच्या काचेत चालणारा एजंट स्वतः दिसतो. शिवाय १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने जाहिरातींत क्यूआर कोड बंधनकारक केला आहे. तो स्कॅन करून प्रकल्पाची नोंदणी आणि पूर्णत्वाची तारीख बघा. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते, म्हणून एजंटचा ‘हे खरे फोटो आहेत’ हा मेसेज आणि मूळ फाइल दोन्ही जपून ठेवा.