कांजिण्यांची चिठ्ठी: बाईंना कोणत्या तारखा लिहून द्यायच्या

"मुलगा दुसरीत आहे. मंगळवारी सकाळी अंगावर फोड दिसले. डॉक्टर म्हणाले कांजिण्या आहेत, खपल्या धरेपर्यंत शाळेत पाठवू नका. बाईंना चिठ्ठीत काय लिहू? सोमवारी तो शाळेत जाऊन आला, तेही सांगायचं का?"

ताई, चिठ्ठीत सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. कांजिण्या पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात. म्हणजे सोमवारी तो ठणठणीत दिसत असला तरी शेजारी बसणाऱ्याला लागण झालेली असू शकते. चिठ्ठी आजच पाठवा, तो परत जाईल तेव्हा नको. कांजिण्यांची लस सरकारी मोफत लसीकरणात नाही, त्यामुळे ती न घेतलेली मुलं वर्गात असतातच. संपर्कानंतर तीन दिवसांत, फार तर पाचव्या दिवसापर्यंत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. आठवड्याने कळवलं तर ही संधी गेलेली असते.

दुसरं, "अंगावर पुरळ आलंय" एवढंच लिहू नका. त्यावरून बाईंना घामोळं, ॲलर्जी की गोवर, काहीच कळत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं नाव लिहा. घरात आपण "देवी आल्या" म्हणतो, पण कागदावर ते नको. देवी हा वेगळा रोग, आणि तो जगातून संपल्याचं १९८० मध्येच जाहीर झालं आहे.

मंगळवारी ४ फेब्रुवारी होती असं धरून मजकूर देते:

माननीय वर्गशिक्षिका, इयत्ता २ री अ,
सप्रेम नमस्कार.
चि. अद्वैत याच्या अंगावर मंगळवार, ४ फेब्रुवारीला सकाळी फोड दिसले. डॉक्टरांनी तपासून कांजिण्या असल्याचे सांगितले आहे. त्यांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. तो शाळेत शेवटचा सोमवार, ३ फेब्रुवारीला आला होता. त्या दिवशी संपर्कात आलेल्या मुलांना १३ ते २४ फेब्रुवारीच्या दरम्यान ताप किंवा फोड येऊ शकतात. कृपया त्याचे नाव न घेता वर्गातील पालकांना कळवावे. शाळेत कोणी गरोदर शिक्षिका किंवा सेविका असतील, अथवा प्रतिकारशक्ती कमी करणारे उपचार चालू असलेले मूल असेल, तर त्यांना आजच सांगावे. सर्व फोडांवर खपली धरल्यावरच अद्वैतला पाठवा, असा डॉक्टरांचा सल्ला आहे. साधारण १२ फेब्रुवारीपर्यंत तो येईल असे वाटते, नक्की दिवस आदल्या संध्याकाळी कळवेन.
आपली विश्वासू,
(नाव, फोन)

१३ ते २४ हा हिशोब असा: लागण झाल्यावर कांजिण्या दहा ते एकवीस दिवसांत उठतात आणि शेवटचा संपर्क ३ तारखेचा. रविवारी शाळा नव्हती, म्हणून धोक्याचा दिवस एकच निघाला. तुमच्याकडे पुरळ बुधवारी दिसलं असतं, तर सोमवार आणि मंगळवार दोन्ही लिहावे लागले असते.

गरोदर बाईंचं वाक्य काही जणी "उगाच घाबरवायला नको" म्हणून गाळतात. गाळू नका. ज्यांना लहानपणी कांजिण्या झालेल्या नाहीत आणि ज्यांनी लसही घेतलेली नाही, त्यांना गरोदरपणात हा आजार जड जाऊ शकतो. त्यांना लस चालत नाही, पण दुसरे उपाय असतात आणि तेही वेळेत करावे लागतात. पुढचं त्या आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवतील.

परत येण्याची तारीख मात्र पक्की लिहू नका. फोड एकदम येत नाहीत, तीन-चार दिवस नवे नवे उठत राहतात. पोटावरचे सुकलेले असतात आणि डोक्यात केसांखाली एखादा पाणीदार फोड राहून जातो. शाळेत पाठवायच्या आदल्या दिवशी उजेडात उभं करून केसांत, कानामागे, काखेत आणि जांघेत बघा. ओला, चमकणारा एकही फोड दिसला तर एक दिवस थांबा. साधारण पाच ते सात दिवस लागतात. लस घेतलेल्या मुलाला कधी कधी नुसते लाल ठिपके येतात, खपली धरतच नाही. तिथे चोवीस तासांत नवा ठिपका उठला नाही, हे बघतात.

शाळेत जाताना दुसरी छोटी चिठ्ठी लागेल, ती बहुतेक जणी विसरतात. खपल्या पडायला आणखी आठवडा-दोन आठवडे जातात. त्या बघून मुलाला दारातूनच परत पाठवतात, नाहीतर शेवटच्या बाकावर एकटं बसवतात. म्हणून लिहा: "सर्व फोडांवर खपली धरली आहे, डॉक्टरांनी शाळेत जाण्यास परवानगी दिली आहे. अंगावर दिसणाऱ्या सुक्या खपल्यांपासून लागण होत नाही, त्याला नेहमीच्या जागी बसवावे. खाजवत असल्यास कृपया हटकावे." त्याला नखं कापूनच पाठवा.

याच शाळेत धाकटं भावंड असेल, तर त्याला कांजिण्या झाल्यात का, लस झाली का, हे पहिल्या चिठ्ठीतच एका ओळीत घाला. दोन्ही नसेल तर त्याला कधी घरी ठेवायचं, ते डॉक्टरांकडून आधी विचारून घ्या, कारण बाई पहिला फोन त्यासाठीच करतील.