‘बेस्ट मॅट्रेस’च्या यादीत पहिला नंबर कसा ठरतो?

प्रश्न: गादी ऑनलाइन घ्यायची आहे. चार-पाच ‘बेस्ट मॅट्रेस’ याद्या वाचल्या, सगळीकडे त्याच दोन-तीन कंपन्या वर. त्या खरंच चांगल्या आहेत की कमिशनचा खेळ आहे?

उत्तर: कमिशनचा हात असू शकतो, आणि गादीच्या बाबतीत ही शंका जास्तच रास्त आहे. मी कोल्हापुरात वेबसाइटवाल्यांची कामं करतो, अशा याद्यांच्या कमाईचे हिशोब नेहमी डोळ्यांखालून जातात, म्हणून गणितच सांगतो.

यादीतल्या लिंकवरून तुम्ही माल घेतलात की साइटला ठरलेला टक्का मिळतो. पण साइटवाला नुसता टक्का बघत नाही. शंभर जणांनी लिंक दाबली तर पदरात किती पडतात, हे बघतो. समजा, एक गादी मोठ्या शॉपिंग साइटवर 12 हजारांना आहे आणि कमिशन 4 टक्के. एका विक्रीमागे 480 रुपये. दुसरी 15 हजारांची, कंपनी ती स्वतःच्याच साइटवर विकते आणि 10 टक्के देते, म्हणजे 1,500 रुपये. ओळखीच्या साइटवर लोक पटकन पैसे भरतात, म्हणून पहिलीला शंभरात 4 गिऱ्हाइकं धरू आणि दुसरीला 2. पहिलीचे झाले 1,920 आणि दुसरीचे 3,000. हे आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण हिशोब असाच मांडतात. गिऱ्हाइकं निम्मी, तरी कमाई जास्त. आणि सगळ्यात जास्त क्लिक वरच्या नावांवर पडतात, त्यामुळे कुठलं नाव वर ठेवायचं याचं उत्तर या हिशोबातूनच निघण्याचा मोह होतो.

यासाठी धडधडीत खोटं लिहावंच लागतं असं नाही. यादीतल्या पहिल्या नंबरच्या गादीचा दोष ‘रंग कमी मिळतात’ एवढाच लिहायचा आणि सहाव्या नंबरच्या गादीला ‘काही ग्राहकांच्या मते मध्ये खड्डा पडतो’ असं लिहायचं. दोन्ही वाक्यं खरी असू शकतात, पण वाचणाऱ्याचं मत तिथेच फिरतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जे यादीत येतच नाही ते. इथल्या लक्ष्मीपुरीतला एखादा गादीवाला उत्तम फोम मापात कापून, शिवून देत असेल, पण त्याच्याकडे कमिशनची लिंक नाही. ‘टॉप 10’मध्ये तो कधीच दिसणार नाही.

अमेरिकेतलं एक प्रकरण यासाठी बघण्यासारखं आहे. कॅस्पर या गादी कंपनीने 2016 मध्ये गाद्यांचे रिव्ह्यू लिहिणाऱ्या काही साइटांवर दावे लावले. कमिशनच्या नात्यामुळे हे लोक गिऱ्हाइकाला आमच्यापासून तोडून दुसऱ्या कंपन्यांकडे वळवतात, अशी तक्रार होती. त्यातली एक साइट स्लीपोपोलिस. पुढे 2017 मध्ये ती दुसऱ्या एका कंपनीने विकत घेतली आणि त्या खरेदीला पैसा पुरवला तो कॅस्परनेच. ज्याचा माल तपासायचा, त्याच्याच कर्जावर तपासणारा उभा! मला यातलं हे सगळ्यात जास्त खटकतं, कारण पुढे नुसता रिव्ह्यू वाचणाऱ्याच्या यातलं काही सहज लक्षात येत नाही.

एक मर्यादाही सांगतो. यादीतल्या सगळ्या लिंका एकाच शॉपिंग साइटच्या असतील तर एका प्रकारच्या वस्तूंना टक्का बहुधा सारखाच असतो. तिथे कमिशनच्या दरावरून नंबर लावण्यात अर्थ उरत नाही. तिथे महाग वस्तू वर सरकतेय का तेवढं बघा. शिवाय लिंक आहे म्हणून यादी खोटीच, असंही नाही. तपासायला वस्तू विकत आणायचा खर्च काही साइट याच पैशातून भागवतात.

आता तुमच्या याद्या अशा तपासा. पहिल्या नंबरची लिंक दाबून धरा आणि ती कुठे जाते ते वाचा. अॅमेझॉनच्या लिंकमध्ये `tag=` असेल तर विक्रीवर कमिशन आहे. पहिले दोन-तीन नंबर थेट कंपन्यांच्या साइटवर नेतात, सोबत ‘खास आमच्या वाचकांसाठी’ कूपन आहे आणि खालचे सगळे शॉपिंग साइटवर, असं असेल तर वरचं गणित लावून बघा. कमिशन मिळतं हे पानावर स्पष्ट लिहिलंय का तेही बघा. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरातीत शिफारस करणाऱ्याने कंपनीशी असलेलं असं नातं उघड करायला हवं.

मग मजकूर वाचा. खरंच गादी फोडून, झोपून बघितलेला माणूस फोमची डेन्सिटी किती, कुठला थर किती इंचांचा, काही महिन्यांनी कडा किती दबल्या हे लिहितो. नुसतं ‘ढगावर झोपल्यासारखं वाटतं’ असेल तर ते कंपनीच्या पानावरून उचललेलं समजा. हेच डेन्सिटीचे आणि थरांचे आकडे कंपनीला ईमेलने विचारा, परत करायची झाली तर कोल्हापुरातून गादी कोण, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने उचलणार हेही लेखी घ्या. तोच फोम दुकानात हाताने दाबून, भाव विचारून या, आणि मग ऑर्डर करा.