नाणं उडवून घेतलेल्या सर्वेक्षणाचा आकडा

प्रश्न: घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत कोण ओला-सुका कचरा एकत्र टाकतं ते विचारायचंय. नाणं उडवून उत्तर घेतलं तर खरा आकडा कसा कळणार?

उत्तर: कोण टाकतं ते कळणार नाही, किती जण टाकतात ते कळेल. प्रत्येकाने आडोशाला नाणं उडवायचं. छापा आला तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. काटा आला तर खरं सांगायचं. समजा मोठ्या सोसायटीत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या 200 घरांतून 130 ‘हो’ आले. त्यांतले सुमारे 100 छाप्याचे. उरलेल्या 100 खऱ्या उत्तरांत 30 ‘हो’, म्हणजे साधारण 30 टक्के.

मात्र या गुप्ततेची किंमत मोजावी लागते. इथे चूक 13 टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते. थेट विचारून सगळे खरं बोलले असते तर ती निम्मीच असती. घरं जितकी कमी तितकी ही चूक मोठी, त्यामुळे 40 घरांच्या इमारतीत हे करू नका.

खरी अडचण वेगळीच. कचरा नीट वेगळा करणाऱ्याला छापा आला तरी ‘हो’ म्हणवत नाही, आणि आकडा खाली घसरतो. ‘हो’ निम्म्याहून बरेच कमी आले तर लोकांनी नियम पाळलेला नाही, हे ओळखा. म्हणून आधी सगळ्यांसमोर दोन-चारदा करून दाखवा, आणि नाणं ज्याचं त्याच्याच खिशातलं असू द्या.